पायऱ्या किती?

आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरते. वाढदिवस, श्रद्धांजली, कधी एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान आणि शेवटी चहा-बिस्किटं. गेल्या सभेत चहाच्या आधीची वीस मिनिटं सहल समितीला मिळाली होती. समितीच्या वतीनं मी उभा राहिलो आणि पहिलं वाक्य बोललो ते असं : "खोलीपासून जेवणघरापर्यंत पायऱ्या नऊ, दोन्ही बाजूंनी कठडा."

सभागृह एकदम शांत झालं. एरवी मागच्या दोन रांगांत गप्पा चालू असतात.

हे वाक्य मला आपोआप सुचलेलं नाही, ते शिकायला एक सहल वाया घालवावी लागली. दोन वर्षांपूर्वी मी याच जागी उभा राहून एका थंड हवेच्या ठिकाणची मोठाली छायाचित्रं पडद्यावर दाखवली होती. धबधबा, धुकं, दरी. सगळे खूश झाले, नावंही भराभर आली. तिथल्या व्यवस्थापकानं फोनवर सांगितलं होतं की टोकापर्यंत "फक्त दहा मिनिटं चालायचंय". तो मुलगा पंचविशीतला असावा. त्याची दहा मिनिटं म्हणजे साधारण आठशे मीटर. आमच्यातल्या गुडघे दुखणाऱ्यांचा वेग त्याच्या निम्मा, शिवाय दर शंभर पावलांवर टेकायला काहीतरी लागतं. जायला चाळीस मिनिटं लागली. निम्मे जण अर्ध्या वाटेवरच्या दगडावर बसून राहिले आणि धबधबा त्यांनी आमच्या मोबाइलमध्ये पाहिला. परतताना कोणी काही बोललं नाही, पण पुढच्या सहलीला नावं आली फक्त नऊ.

म्हणून या वेळी इगतपुरीला पाहणीला जाताना आम्ही समितीतल्या धडधाकट मंडळींना घरी ठेवलं. मी गेलो आणि सोबत नेलं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका सदस्याला. त्यांच्या एका गुडघ्याची वाटी बदललेली आहे, दुसऱ्याची बदलायची आहे, आणि हातात काठी असते. खिशात शिंप्याची मोजपट्टी होती. ते चालायचे, मी घड्याळ बघायचो. ते जिथे थांबले तिथे मी वहीत फुली मारली. रिसेप्शनपासून सगळ्यात लांबच्या खोलीपर्यंत त्यांना सात मिनिटं लागली आणि दोन फुल्या पडल्या. त्या दोन फुल्यांच्या जागी खुर्च्या ठेवायचं तिथल्या व्यवस्थापकाकडून मी लिहून घेतलं. सभेत सहलीचा वेग म्हणून जो काही सांगितला, तो या गृहस्थांचा वेग होता.

आता इगतपुरीच का, हेही लोकांना सांगावं लागतं. नाहीतर कोणीतरी "महाबळेश्वर का नको" म्हणतंच. इगतपुरी थळ घाटाच्या, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो त्याच्या माथ्यावर आहे. उंची सुमारे ६०० मीटर. हवा बदलल्याचं जाणवतं, पण या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही, त्यामुळे हृदयाची किंवा दम्याची औषधं घेणाऱ्यांना त्या कारणासाठी घरी बसायला नको. आपल्या डॉक्टरांना विचारायचं ते विचाराच, असंही मी लगेच जोडलं. दुसरं म्हणजे अंतर. डोंबिवलीहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येतं. आणि तिसरं कारण मी जरा हळू आवाजात सांगितलं, पण सगळ्यांनी कान टवकारले : दवाखाना. इगतपुरीत ग्रामीण रुग्णालय आहे, घोटीजवळ धामणगावला एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे आणि नाशिक पंचेचाळीस किलोमीटरवर. १०८ ची रुग्णवाहिका आहेच. सुंदर जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण सुंदर जागेपासून मोठं रुग्णालय इतक्या जवळ असणं दुर्मीळ.

दिवस ठरवताना पावसाळा आम्ही मुद्दाम टाळला. इगतपुरीचं खरं रूप जुलै-ऑगस्टमध्ये असतं, हे मला मान्य. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही पडत नाही. पण एवढा पाऊस म्हणजे शेवाळलेल्या फरश्या, ओल्या चपला, न वाळणारे पंचे आणि शनिवार-रविवारी मुंबईहून उसळणारी तरुण गर्दी. आमच्या वयात घसरून पडणं हा एका संध्याकाळचा प्रश्न राहत नाही. खुबा मोडला की सगळं वर्ष जातं. म्हणून नोव्हेंबर. त्यातही कार्तिकी एकादशी उलटल्यानंतरचे दिवस, कारण चातुर्मास पाळणाऱ्यांचं कांदा-वांगं तेव्हा सुटलेलं असतं आणि स्वयंपाक्याला वेगळी भाजी करावी लागत नाही. आणि मार्गशीर्ष लागण्याच्या आत, कारण मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडायचा असतो. त्या आठवड्यात आमच्या निम्म्या वहिनी घर सोडणार नाहीत. वार सोमवार ते बुधवार, तेव्हा खोल्यांचे दर उतरलेले असतात. सोमवार करणारे चार जण निघाले. त्यांच्यासाठी पहिल्या दुपारी साबुदाण्याची खिचडी सांगितली आहे.

जायचं कसं, यावर मात्र वाद झाला. तो होणार हे मला माहीत होतं, म्हणून आकडे घेऊन गेलो होतो.

पहिला हात वर आला तो एसटीसाठी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं. "मग खासगी बसचे पैसे कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं की एसटी आपल्याला इगतपुरीच्या स्थानकावर सोडेल आणि पुढे निघून जाईल. मग आत्तापर्यंत नावं दिलेली अठ्ठावीस माणसं सामानासकट रिक्षांमधून हॉटेलवर, दुसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षा, परतताना पुन्हा स्थानकावर उभं राहणं. बस आपली असली की सामान तिच्यात राहतं, आणि कोणाला बरं वाटेनासं झालं तर त्याला बसमध्ये आडवं करता येतं. हा दुसरा मुद्दा मी पाहणीच्या दिवशी एसटी स्थानकाच्या बाकावर बसून शिकलो.

दुसरा हात रेल्वेसाठी. आमच्यात एक निवृत्त मोटरमन आहेत आणि त्यांना इगतपुरी म्हटलं की घाटच आठवतो. कसारा ते इगतपुरी हा मार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. म्हणूनच कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावून तिला ढकलत वर नेतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. हे सांगताना मोटरमन साहेबांचा हात आपोआप ढकलल्यासारखा पुढे व्हायचा. गाडीनं जायला मलाही आवडलं असतं. पण कल्याणला पूल चढायचा, गर्दीतून डबा गाठायचा आणि इगतपुरीला थोड्या मिनिटांच्या थांब्यात अठ्ठावीस माणसं, अठ्ठावीस पिशव्या आणि सहा काठ्या खाली उतरवायच्या. शेवटचा माणूस उतरायच्या आत गाडी हलली तर काय, या एका विचारानं मी रेल्वे सोडली. शिवाय तिकिटातली सवलतही आता नाही. पूर्वी साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना पन्नास टक्के मिळायची, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली.

तेव्हा बस, पस्तीस आसनांची. जाताना समृद्धी महामार्गानं. आमणे ते इगतपुरी हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि त्यात कसाऱ्याच्या डोंगरातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. घाटाच्या वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांना या बोगद्याइतकं सुख नाही. बस सरळ जाते, पोट जागच्या जागी राहतं. तोटा एवढाच की खिडकीतून डोंगराऐवजी दिवे दिसतात. यावर मोटरमन साहेबांनी तोड काढली. परतताना जुन्या कसारा घाटातून उतरायचं, दिवसाउजेडी, आणि निघण्याआधी हलकं खायचं.

महामार्गाची एक अडचण मी आधीच सांगून टाकली. एकदा वर चढलं की मनात आलं तिथे थांबता येत नाही. ढाबा नाही, झाड नाही. म्हणून आमण्याला वर चढण्याच्या आधी, जिथे स्वच्छ स्वच्छतागृह आहे अशा एका उपाहारगृहात थांबा ठेवला आहे. त्यानंतर इगतपुरीपर्यंत सुमारे सव्वा तास. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या सकाळी ती कधी घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं, असं मी माइकवरून स्पष्ट सांगितलं. दोन-तीन जण खाली बघायला लागले, पण नंतर चहाच्या वेळी त्यांच्यातल्याच एकानं येऊन हात दाबला.

आता वेगाचा हिशेब. सहल कंपन्यांच्या पत्रकात "चहासाठी पंधरा मिनिटं" असं छापलेलं असतं. आमच्या संघासाठी ही पंधरा मिनिटं खरी नसतात. मी मागच्या सहलीत घड्याळ लावून पाहिलं होतं. आमच्यातल्या माणसाला बसमधून उतरायला सरासरी पंचवीस सेकंद लागतात : काठी असली तर आधी ती खाली, मग हात दांड्याला, मग पाय चाचपत. अठ्ठावीस गुणिले पंचवीस, म्हणजे बारा मिनिटं नुसती उतरण्यात. चढायलाही तेवढीच. स्वच्छतागृहात चार जागा असल्या आणि प्रत्येकाला चार मिनिटं धरली, तर आणखी अठ्ठावीस मिनिटं. चहा रांगेतल्या रांगेत घेतला असं धरलं तरी एका थांब्याला बावन्न मिनिटं झाली. म्हणजे सहलीचा वेग बसच्या काट्यावर ठरत नाही, आपण किती वेळा उतरतो त्यावर ठरतो. दिवसात चार ठिकाणं दाखवणारी सहल म्हणजे साडेतीन तास नुसतं चढणं-उतरणं आणि रांग. म्हणून आमचा नियम : सकाळी एक ठिकाण किंवा संध्याकाळी एक, आणि दुपारची झोप कोणी मोडायची नाही.

बसच्या पहिल्या पायरीसाठी एक गोष्ट आम्ही सोबत नेतो. ती पायरी जमिनीपासून गुडघ्याइतकी उंच असते आणि खरी कसरत तिथेच होते, वरच्या पायऱ्यांना काही नाही. म्हणून एक लाकडी चौरंग करून घेतला आहे : नऊ इंच उंच, चारही पायांना रबर, वर काथ्याची जुनी पायपुसणी खिळ्यांनी ठोकलेली. मदतनीस तो आधी खाली ठेवतो आणि पायानं दाबून धरतो. सभेत मी तो चौरंग टेबलावर ठेवला. पडद्यावरच्या कुठल्याही छायाचित्राकडे लोकांनी इतक्या आस्थेनं पाहिलं नसेल. एका वहिनींनी पुढे येऊन त्यावर पाय ठेवून पाहिला, मग दुसराही, आणि मागे वळून नवऱ्याला म्हणाल्या, "चला, जमतंय हो."

दिवसांचा आराखडा मग मोठ्या अक्षरांत छापलेल्या कागदावर वाटला. पडद्यावर दाखवलेलं घरी जात नाही, आणि घरी सून-मुलगा विचारतात तेव्हा हातात कागद लागतो. पहिल्या दिवशी साडेआठला निघायचं, बाराच्या सुमारास पोचायचं. खोल्या बाराला मिळतात, त्याआधी पोचून उपयोग नाही, म्हणून पहाटे निघायचा मोह टाळला आहे. जेवण, झोप, चारला चहा आणि सव्वाचारला घाटनदेवी. देवळाजवळ गाडी जाते आणि तिथून दरीचा सगळा पसारा दिसतो. नोव्हेंबरअखेर सहाच्या आत सूर्य मावळतो आणि उजेड भराभर उतरतो. संधिप्रकाशात आपल्या डोळ्यांना खड्डा आणि सावली यांतला फरक कळत नाही, म्हणून सूर्य टेकला की बसमध्ये. कोणी "अजून पाच मिनिटं" म्हणालं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावली धरण. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना डोंगर आहेत, आणि तिथे करायचं काही नाही, हेच त्याचं मोल. पाणी बघत बसायचं, पोहे खायचे, परत यायचं. त्रिंगलवाडीचा किल्ला आणि १६४६ मीटरचं कळसूबाई ही नावं कागदावर का नाहीत, असं एका उत्साही सभासदानं विचारलं. त्यांनी तरुणपणी कळसूबाई तीनदा केलं आहे. त्यांना म्हटलं, चौथ्यांदाचं तुम्ही नातवाबरोबर करा.

धम्मगिरीचाही प्रश्न आला. सत्यनारायण गोएंकांनी उभारलेलं विपश्यना केंद्र इगतपुरीत आहे आणि १९७६ पासून तिथे शिबिरं चालतात. पण शिबिर दहा दिवसांचं असतं आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन पाळायचं असतं. आमच्या संघाला तीन दिवस गप्पा मारायला कमी पडतात, तेव्हा ते ज्यानं त्यानं आपापलं नाव नोंदवून वेगळं करावं.

खोल्यांबद्दल मी सगळ्यात जास्त वेळ बोललो, कारण माणूस दोन रात्री जिथे झोपतो आणि अंधारात उठतो तिथेच पडतो. हॉटेलच्या जाहिरातीत "सर्व सुखसोयी" असतात. त्या शब्दाखाली काय आहे ते आम्ही एकेक करून पाहिलं. कमोड उंच आहे का, त्याच्या शेजारी धरायला दांडा आहे का. न्हाणीघराला उंबरठा आहे. दीड इंचाचाच, पण दिसत नाही, म्हणून त्यावर पिवळी पट्टी लावून मागितली. गरम पाणी सकाळी सहाला येतं की आठला. वीज गेली तर जनरेटर आहे का आणि त्यावर लिफ्ट चालते का. तिथे लिफ्ट नव्हतीच, पण तळमजल्यावर खोल्या बारा होत्या. त्या कोणाला द्यायच्या ते वयावर ठरवायचं नाही, गुडघ्यावर ठरवायचं. आमच्यातली एक ब्याऐंशी वर्षांची बाई रोज चार जिने चढते आणि एक सदुसष्टचे गृहस्थ एकही चढू शकत नाहीत.

पलंग वेगवेगळे हवेत, हाही मुद्दा लोक विसरतात. खोली "दोघांसाठी" म्हटली की एकच मोठा पलंग निघतो. नवरा-बायकोला चालतो, पण संघातल्या दोन मैत्रिणींना, ज्यांची ओळख मंगळवारच्या भजनापुरती आहे, त्यांना तो कसा चालेल? आणि न्याहारी. हॉटेलात ती आठला सुरू होते. इन्सुलिन घेणाऱ्याला आठपर्यंत थांबवणं म्हणजे साखर खाली जायला वाट मोकळी करून देणं. म्हणून साडेसहाला चहा-बिस्किटं आणि साडेसातला गरम उपमा मिळेल, हे आगाऊ पैसे देण्याआधी लेखी घेतलं. अशी गोष्ट पैसे दिल्यावर मागितली की ती उपकार होते.

मग पैसे. मी बँकेत सदतीस वर्षं काढली, त्यामुळे इथे माझा आवाज जरा चढला असावा.

अठ्ठावीस माणसं धरून हिशेब असा. तीन दिवसांची बस, चालकाच्या भत्त्यासकट ३६,००० रुपये. पथकर आणि पार्किंग ३,०००. खोलीचा दर न्याहारीसह रात्रीला ४,०००, त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ४,२००. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाचवर आला, त्याचा आपल्याला फायदा झाला. खोल्या पंधरा, रात्री दोन : १,२६,०००. पाच जेवणं, प्रत्येकी साडेतीनशे : ४९,०००. वाटेतलं खाणं आणि संध्याकाळचे चहा ५,६००. दोन तरुण मदतनीस, त्यांचा मेहनताना, राहणं-खाणं धरून १३,०००. पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचार, बक्षिसी ३,४००. बेरीज २,३६,०००. त्यावर पाच टक्के राखीव ११,८००. एकूण २,४७,८००, भागिले अठ्ठावीस : माणशी ८,८५०.

"दोन मदतनीस कशाला? आपण काय लहान आहोत?" असं एकजण म्हणाले. त्यांनाच मागच्या सहलीत दोघांनी धरून बसमध्ये चढवलं होतं. कोणी आठवण करून दिली नाही.

पंधरा खोल्या का, चौदा का नाहीत, हा प्रश्न एका वहिनींनी विचारला, आणि सगळ्या हिशेबातली नाजूक जागा तीच होती. आलेल्या नावांत नऊ जोडपी आहेत. बाकी दहा जण एकटे, सात बायका आणि तीन पुरुष. जोडप्यांच्या नऊ खोल्या. सात बायकांच्या तीन जोड्या आणि एक उरते. तीन पुरुषांची एक जोडी आणि एक उरतो. ही उरलेली दोन माणसं एका खोलीत राहू शकत नाहीत. म्हणून एक खोली जास्त, दोन रात्रींचे ८,४००. सहल कंपन्या हे पैसे त्या एकट्या माणसाकडून घेतात. आपल्या हिशेबात ते प्रत्येकी ४,२०० झाले असते. म्हणजे ज्याचा जोडीदार गेला आहे त्यानं जोडीनं आलेल्यांच्या जवळजवळ दीडपट भरायचे. तेच ८,४०० अठ्ठावीस जणांत वाटले तर माणशी तीनशे. समितीनं तीनशेचा मार्ग धरला आहे आणि तो ८,८५० मध्ये आधीच आहे, असं मी सांगितलं. हरकत असेल तर आत्ताच बोला, म्हटलं. कोणी बोललं नाही. मात्र हौसेनं स्वतंत्र खोली हवी असेल, घोरण्याला कंटाळून म्हणा किंवा आणखी कशानं, तर त्यानं पूर्ण ४,२०० जादा भरायचे. एकटं असणं आणि एकटं राहायला आवडणं यांचे दर वेगळे.

अठ्ठावीस जण आले नाहीत तर? बस, पथकर, मदतनीस आणि किरकोळ मिळून ५५,४०० रुपये माणसं किती आहेत ते बघत नाहीत. अठ्ठावीस असले तर माणशी सुमारे १,९८० पडतात, वीसच आले तर २,७७०. म्हणजे आठ जण गळले तर उरलेल्यांना माणशी आठशेचा फटका. म्हणून नाव देताना दोन हजार भरायचे आणि उरलेले महिनाभर आधी. आयत्या वेळी कोणाला येता आलं नाही तर जेवणा-चहाचे १,९५० परत मिळतील, खोलीचे पैसे प्रतीक्षायादीतला माणूस मिळाला तरच, बसचे नाहीत. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर राखीव रकमेतून जमेल तेवढं परत देऊ. हे कठोर वाटतं, पण मागे एकदा आदल्या रात्री तिघांनी नकार कळवला आणि त्यांचे पैसे खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून भरले. ते आता आमचे खजिनदार नाहीत.

वीस मिनिटांची पस्तीस झाली. चहा थंड होत होता. पक्क्या नावांचा कागद रांगांमधून फिरला आणि त्यावर एक रकाना मी मुद्दाम ठेवला होता : "मला जिने चालतील / चालणार नाहीत." सदुसष्टच्या त्या गृहस्थांनी "चालतील" वर खूण केली. बायकोनं त्यांच्या हातातून पेन घेऊन ती खोडली.

मी कागद गोळा करत होतो, एवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "घोटीला थांबणार ना?"

घोटी आमच्या कागदावर नव्हती. इगतपुरीपासून नाशिकच्या बाजूला दहा किलोमीटर, म्हणजे आमच्या उलट दिशेला. पण तिथे भाताच्या गिरण्या आहेत आणि इंद्रायणी तांदूळ मिळतो, हे सगळ्या वहिनींना ठाऊक होतं. मी बावन्न मिनिटांचा थांबा समजावून सांगितला. माणशी दहा किलो घेतला तर बसमध्ये दोनशे ऐंशी किलो तांदूळ आणि तो उचलणार कोण, हेही विचारलं. "मदतनीस आहेत की दोन," उत्तर आलं. "त्यांचे तेरा हजार आपणच देतोय."

हात वर करून मत घेतलं. भावली कापली, घोटी घातली. मोठ्या अक्षरांतला कागद पुन्हा छापायला टाकला आहे.